पी टू पी कर्ज : हप्ता बुडाला तर तो नेमका कुणाचा? पैसे लावण्याआधीचा हिशोब

नाशिकमध्ये कर सल्लागाराच्या टेबलासमोर बसलेला माणूस हल्ली मोबाइलवरचं पी टू पी ॲप, म्हणजे एका माणसाने थेट दुसऱ्याला कर्ज देण्याचं ॲप, पुढे करून विचारतो, "यात चोवीस टक्के दाखवतायत. एफडीचे सात टक्के कुठे आणि हे कुठे?" विचारणारा बहुतेक वेळा सातपूर किंवा अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालेला असतो आणि हातात फंडाचे पैसे असतात. चोवीस टक्के हा आकडा खोटा नसतो, पण तो कर्जदाराला लागणारा दर असतो. तुमच्या खिशात किती येणार हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर किती जण हप्ते बुडवतात यावर ठरतं. हा लेख त्या उत्तरापर्यंत कसं पोचायचं याबद्दल आहे.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते

बँकेत दोन लाखांची एफडी केली की बँक तुमची देणेकरी होते. ते पैसे तिने कुणाला कर्जाने दिले आणि तो फेडतो की नाही, याच्याशी तुमचा थेट संबंध राहत नाही. त्याने बुडवलं तर बँक आधी नफ्यातून तरतूद करते, नफा पुरला नाही तर भांडवलाला हात लागतो, आणि बँकच बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. थकलेल्या कर्जाचा धक्का तुमच्यापर्यंत यायच्या आधी मध्ये इतक्या भिंती असतात. सहकारी बँकांच्या अडचणी आपल्याकडे नवीन नाहीत, पण तिथेही विमा लागू असतो. पतसंस्थेला तो नाही, हे अनेकांना अजून माहीत नसतं.

पी टू पी प्लॅटफॉर्मवर यातली एकही भिंत नाही. कर्जाचा करार तुमच्यात आणि कर्जदारात होतो, धनको तुम्ही असता. विवाह मंडळ स्थळ दाखवतं, संसार टिकेल याची हमी देत नाही, तसं प्लॅटफॉर्मचं काम. तो ओळख पटवतो, करार करून देतो, हप्ते गोळा करतो, वसुलीसाठी मदत करतो. कर्जदार थांबला की मुद्दल आणि व्याज दोन्ही तुमचं गेलं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या धंद्यासाठी नियम केले, तेव्हापासून व्यवस्था हीच आहे.

तरीही काही प्लॅटफॉर्मनी मधल्या काळात हा माल एफडीसारखा विकला. ठरावीक मुदत, ठरावीक परतावा, वाटेल तेव्हा पैसे काढा. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०२४ ला नियम कडक केले आणि हे सगळं स्पष्ट शब्दांत बंद केलं. प्लॅटफॉर्मने जोखीम स्वतःवर घ्यायची नाही, कर्जफेडीची हमी देणारा विमा गळ्यात मारायचा नाही, खात्रीशीर परताव्याची जाहिरात करायची नाही, आणि प्रत्येक कर्जाला तुमची मंजुरी घेतल्याशिवाय पैसे पुढे सोडायचे नाहीत. म्हणून आजही कुणी "बारा टक्के फिक्स, कधीही काढा" म्हणत असेल तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही. तिथेच थांबा.

याच नियमांत आणखी एक कलम आहे ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्लॅटफॉर्मचं शुल्क कर्ज देतानाच ठरलेलं असलं पाहिजे, कर्जदार फेडतो की नाही यावर ते अवलंबून ठेवता येत नाही. हेतू चांगला आहे, कारण त्यामुळे मागच्या दाराने हमी देता येत नाही. पण दुसरी बाजू अशी की कर्ज बुडालं तरी प्लॅटफॉर्मचं उत्पन्न सुरक्षित राहतं. जास्त कर्जं वाटली जाण्यात त्याचा फायदा आहे, ती फिटण्याची काळजी मुख्यतः तुमची. ॲपवरचे हिरवे आकडे वाचताना हे डोक्यात असू द्या.

पहिली पायरी : नाव, खातं, करार

ॲपचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं. ॲपच्या तळाशी, 'अटी व शर्ती'त कंपनीचं पूर्ण नाव सापडतं. ते घेऊन rbi.org.in वर नोंदणीकृत NBFC-P2P कंपन्यांच्या यादीत शोधा. तिथे नाव नसेल तर विषय संपला, आणि अशा ठिकाणी कुणी पैसे गोळा करताना दिसलं तर sachet.rbi.org.in वर तक्रार करता येते.

मग पैसे कुठे जमा करायला सांगतात ते बघा. ते एस्क्रो खात्यात गेले पाहिजेत, म्हणजे बँकेने उभ्या केलेल्या ट्रस्टीच्या ताब्यातलं वेगळं खातं. धनकोंकडून येणारे पैसे एका खात्यात आणि कर्जदारांकडून येणारे हप्ते दुसऱ्यात, अशी दोन खाती असावी लागतात. २०२४ च्या बदलानंतर पैसे तिथे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापलीकडे पडून राहता कामा नयेत. तुमचे पैसे कुणाला न देता आठवडाभर 'वॉलेट'मध्ये दिसत असतील तर लेखी विचारणा करा. एजंटच्या यूपीआयवर किंवा कंपनीच्या चालू खात्यात एक रुपयाही पाठवू नका. रोखीचा व्यवहार तर चालतच नाही.

करारात दोन गोष्टी शोधा : धनको म्हणून तुमचं नाव आहे का, आणि थकबाकीवर वसुली करताना खर्च कुणाच्या माथी आहे. दुसऱ्या मुद्द्यावर प्लॅटफॉर्मगणिक फरक असतो. काही ठिकाणी वसूल झालेल्या रकमेतून आधी वसुलीचा खर्च वजा होतो.

मर्यादाही लक्षात ठेवा. सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एका धनकोला ५० लाखांपर्यंत देता येतं, त्यातही १० लाखांच्या पुढे गेलात तर किमान ५० लाखांच्या नक्त मालमत्तेचा सीएचा दाखला लागतो. एका कर्जदाराला तुम्ही जास्तीत जास्त ५०,००० देऊ शकता. मुदत ३६ महिन्यांपलीकडे नाही. तारण कशालाच नाही, सगळी कर्जं विनातारण.

दुसरी पायरी : चोवीस टक्क्यांचं खरं रूप

समजा दोन लाख रुपये आहेत. चाळीस कर्जदारांना प्रत्येकी ५,०००, मुदत १२ महिने, व्याज २४ टक्के, म्हणजे महिन्याला २. हप्ता काढायला एक्सेलमध्ये इतकंच लिहा :

```
=PMT(2%,12,-5000)
```

उत्तर येतं ४७२.८०. बारा हप्त्यांचे ५,६७३ रुपये, म्हणजे व्याज ६७३. इथे पहिला धक्का बसतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात पाच हजारावर चोवीस टक्के म्हणजे बाराशे असतात. पण मुद्दल दर महिन्याला परत येत असतं, त्यामुळे व्याज घटत्या रकमेवरच मिळतं. चाळीसही जणांनी प्रामाणिकपणे फेडलं तर दोन लाखांवर हाती येतात साधारण २६,९०० रुपये. परत आलेले हप्ते पुन्हा कर्जाने दिले तर व्याज वाढतं आणि जोखीमही तितकीच वाढते.

आता एक कर्जदार तीन हप्ते देऊन थांबला असं धरा. त्याने दिले १,४१८. तुमचे ५,००० मधून ३,५८२ गेले. एका चांगल्या कर्जाचं वर्षभराचं व्याज ६७३, म्हणजे हे भोक बुजवायला पाच चांगल्या कर्जांचं सगळं व्याज लागतं आणि तरी थोडं कमीच पडतं. या धंद्यातलं सगळं गणित या एका प्रमाणात आहे. फायदा सहाशेचा, तोटा साडेतीन हजारांचा.

चाळीसपैकी चार जणांनी असं केलं, तर छत्तीस जणांचं व्याज २४,२५० आणि चौघांमुळे गेले १४,३२६. उरले ९,९२४. सुरुवातीला एक टक्का शुल्क घेतलं असेल तर त्यातले २,००० वजा, उरले ७,९२४. आता एफडीशी तुलना प्रामाणिकपणे करू. हप्ते परत येत असल्याने वर्षभरात सरासरी गुंतलेली रक्कम दोन लाख नसते, ती असते साधारण १ लाख १२ हजार. तेवढ्यावर ७ टक्क्यांनी एफडीचं व्याज होतं ७,८५० च्या आसपास. म्हणजे दहातला एक बुडाला की तुम्ही एफडीच्या बरोबरीत आलात, फक्त विमा नाही आणि झोप उडालेली.

सहा जण बुडाले तर शुल्काआधी १,४१३ रुपये उरतात आणि शुल्क धरलं की मुद्दलातच घट. चाळीसात सहा, ही तुमची काठावरची रेघ. ही संख्या तुमच्या आकड्यांवर आधी काढून कागदावर लिहून ठेवा.

मग कर. मिळालेलं व्याज 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून तुमच्या टप्प्याच्या दराने करपात्र असतं. बुडालेलं मुद्दल मात्र सावकारी हा धंदा नसलेल्या माणसाला त्या व्याजातून साधारणपणे वजा करता येत नाही. वरच्या उदाहरणात छत्तीस जणांचं व्याज आणि चौघांच्या पहिल्या तीन हप्त्यांमधलं व्याज मिळून २५,३६० रुपये उत्पन्न दिसतं. २० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस त्यावर ५,०७२ रुपये कर भरतो, उपकर वेगळा. ७,९२४ मधून ते गेले की उरतात २,८५२. तेवढ्याच एफडीवर कर जाऊन सहा हजारांच्या वर उरले असते. ज्याला करच लागत नाही त्याचं गणित वेगळं, पण त्याने तरी दोन लाख का धोक्यात घालावेत हा प्रश्न राहतोच.

तिसरी पायरी : कर्जदार निवडताना

'ऑटो' बटणाला हात लावू नका. मंजुरी तुम्हीच द्यायची आहे, तर वाचून द्या. एका कर्जदाराची माहिती अशी दिसते : पगार ३८,०००, सिबिल ७४५, चालू हप्ते १४,०००, मागणी १ लाख ५० हजार, १२ महिने, २४ टक्के, कारण 'घरगुती'. गेल्या तीन महिन्यांत पाच ठिकाणी कर्जाची चौकशी.

७४५ बघून माणूस हो म्हणतो. पण या कर्जाचा हप्ता येतो १४,१८४. आधीचे १४,००० मिळवले की २८,१८४, म्हणजे पगारातले जवळपास तीन चतुर्थांश. घरभाडं, किराणा, मुलांची फी यासाठी उरले ९,८१६. हा माणूस लबाड नसेलही, पण एक दवाखान्याचा खर्च आला की हप्ता चुकणार. आणि तीन महिन्यांत पाच चौकश्या म्हणजे तो दारोदार फिरतोय. सिबिलचा आकडा मागचं सांगतो, नव्याने घेतलेली कर्जं त्यात उशिरा उतरतात. म्हणून आकड्याआधी पगार आणि हप्त्यांचा मेळ बघा. नव्या कर्जासह सगळे हप्ते पगाराच्या निम्म्याच्या आत बसत नसतील तर मी तरी पुढच्या नावाकडे जाईन.

जास्त दर म्हणजे जास्त कमाई, हा भ्रमही इथेच सोडून द्या. ज्याला बँक बारा-चौदा टक्क्यांनी देते तो तीस टक्क्यांनी कशाला घेईल? सगळ्यात वरच्या दराच्या यादीत, बाकी सगळ्यांनी नाकारलेली माणसं जमा झालेली असतात.

नाशिककरांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या गावचा कर्जदार बघून भरवसा वाटतो, पण चाळीसही जण नाशिक जिल्ह्यातले घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यात एका रात्रीत बंद झाली. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांपासून टेम्पोवाल्यांपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी झळ बसते अशी ती वेळ. निफाड-दिंडोरीत द्राक्ष तोंडाशी आली असताना अवकाळी आला, किंवा अंबडमध्ये एखाद्या मोठ्या कंपनीने ऑर्डर कमी केल्या, की तेच. चाळीस वेगळी नावं असली तरी कारण एकच असलं तर ते एक मोठं कर्ज होतं. शिवाय तुमचं स्वतःचं घर, दुकान किंवा बाग याच जिल्ह्यावर चालत असेल, तर वसुली थांबते त्याच महिन्यात तुमचीही कमाई आटलेली असते.

चौथी पायरी : एनपीएचा आकडा कसा वाचायचा

प्लॅटफॉर्मने आपल्या संकेतस्थळावर दर महिन्याला बुडीत कर्जांचं प्रमाण, ते किती दिवसांपासून थकलंय त्याची वर्गवारी आणि धनकोंना झालेलं नुकसान जाहीर करायचं असतं. ते बघाच, पण एक खोच समजून घ्या.

कर्ज ९० दिवस थकलं की त्याला एनपीए म्हणतात. समजा प्लॅटफॉर्मने जानेवारीत १ कोटी वाटले आणि जूनअखेर त्यातले ८ लाख एनपीए झाले. प्रमाण ८ टक्के. पण एप्रिल ते जून त्याने आणखी ३ कोटी वाटले. त्यांचा पहिला हप्ताच मे महिन्यात किंवा त्यानंतर येणार, म्हणजे जूनपर्यंत त्यातलं एकही कर्ज ९० दिवस थकू शकत नाही. परतफेड बाजूला ठेवली तर आता ४ कोटींवर ८ लाख, आणि पाटीवर दिसतं २ टक्के. कुणी खोटं बोललेलं नाही. वेगाने वाढणाऱ्या प्लॅटफॉर्मचा एनपीए नेहमी गोजिरवाणा दिसतो. म्हणून ईमेलवर विचारा की वर्षभरापूर्वी ज्या एका महिन्यात कर्जं दिली, त्यातली किती टक्के आज थकली आहेत. याचं सरळ उत्तर देणारा प्लॅटफॉर्म मिळाला तर पुढे बोलायला हरकत नाही.

तुमच्या स्वतःच्या पैशांनाही हेच लागू आहे. पहिले तीन महिने ॲपवर तेवीस-चोवीस टक्के दिसत राहतात, कारण बुडायला वेळच मिळालेला नसतो. याच टप्प्यावर माणूस उत्साहाने आणखी दोन लाख टाकतो. सहा महिने होईपर्यंत रक्कम वाढवायची नाही, हे स्वतःशी ठरवून टाका.

त्या सहा महिन्यांत एक साधा तक्ता ठेवा. कर्जदाराचा क्रमांक, दिलेली रक्कम, आलेले हप्ते, आणि किती दिवस थकलाय : ३० पर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत, त्यापुढे. पगार उशिरा झाला म्हणून आठ-दहा दिवस मागे पडणारे असतात, ते परत येतात. दोन हप्ते सलग चुकलेले मात्र क्वचित सुधारतात, त्यांना एनपीए व्हायची वाट न बघता बुडीत धरून हिशोब करा. आणि पहिलाच हप्ता न देणारे चाळीसात दोन-तीन निघाले, तर ती कर्जदारांची अडचण नसते. प्लॅटफॉर्मची पडताळणीच ढिली आहे. नवीन कर्जं तिथेच बंद करा, येणारे हप्ते बँकेत वळते करा.

मध्येच मोडून सगळे पैसे काढता येतील असं समजू नका. बाहेर पडायची वाट एकच : नवीन देणं थांबवायचं आणि जुनं फिटेपर्यंत थांबायचं. म्हणून पहिल्यांदा ३६ महिन्यांची कर्जं नकोतच.

हप्ता थांबल्यावर

धनकोला कर्जदाराची ओळख दिसते, कर्जदाराला धनकोची नाही. सिडकोतला किंवा पंचवटीतला पत्ता दिसला म्हणून गाडी काढून दारात जाऊ नका. दमदाटीची तक्रार झाली तर पैसे त्याने बुडवलेले आणि पोलीस ठाण्यात तुम्ही. वसुली प्लॅटफॉर्ममार्फतच होऊ द्या, तुम्ही ईमेलवर पाठपुरावा करा : बँकेतून आपोआप वळता होणारा हप्ता केव्हा परत गेला, किती वेळा संपर्क झाला, नोटीस कधी गेली.

बँकेतून आपोआप वळता होणारा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक न वटल्यासारखाच गुन्हा होतो. करारात लवादाचं कलमही असतं. कागदावर मार्ग आहेत. पण वरच्या उदाहरणातल्या, तीन हप्ते देऊन थांबलेल्या कर्जदाराकडे त्या हप्त्यांतलं व्याज वेगळं काढलं तर तुमचे अडकलेत ३,८५९ रुपये मुद्दल, आणि वकिलाची एक नोटीसच त्यातला मोठा वाटा खाते. त्याच कर्जदाराच्या सगळ्या धनकोंच्या वतीने प्लॅटफॉर्मने एकत्र कारवाई केली तरच ती परवडते. खातं उघडण्याआधीच विचारा की आजवर अशी किती प्रकरणं लवादाकडे नेली. प्लॅटफॉर्म उद्या बंद पडला तरी कर्जांची मुदत संपेपर्यंत हप्ते गोळा होत राहतील अशी व्यवस्था त्याने करून ठेवायची असते, पण तुमच्या हाती कागद नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार? प्रत्येक करार आणि हप्त्यांचा उतारा दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा.

पुष्कळदा सहा-आठ महिन्यांनी तडजोडीचा निरोप येतो : कर्जदार ३,८५९ ऐवजी २,००० देऊन मोकळं व्हायचं म्हणतो, तुमची संमती हवी. राग बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघा. पैसे एकरकमी आहेत की पुन्हा हप्त्यांत, आणि वसुलीचा खर्च कापून हातात किती. एकरकमी असतील आणि निम्म्याच्या आसपास मिळत असतील तर हो म्हणा. त्याच्या सिबिलवर कर्ज पूर्ण न फेडता मिटवल्याची नोंद राहते, तेवढी किंमत तो मोजतोच. हप्त्यांत देतो म्हणाला तर पहिला हप्ता खात्यात आल्याशिवाय सही करू नका.